गणराजचं एकेरी तिकीट

...आणि वर ती तिकीट काढून देणारी बाई मला विचारते, ‘काका, वन वे की रिटर्न?’ तुम्हाला सांगतो, आमच्याकडं माणूस नुसता बाजाराला निघाला तरी ‘जातो’ म्हणत न्हाय, ‘येतो’ म्हणतो. आणि हिथं माझा एकुलता एक गणराज दोन वर्षांसाठी मस्कतला चाललाय, एसी दुरुस्तीच्या कामाला, आणि मी बाप असून त्याचं नुसतं जायचं तिकीट काढू? म्हटलं, ‘दोन्हीकडचं काढा.’ माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

आता मीच का गेलो? तर गणराज पेणच्या कंपनीत शेवटचे आठ दिवस भरतोय, त्याला रजा न्हाय, बँकेचं कार्ड माझ्या नावाचं, म्हणून पासपोर्टाची झेरॉक्स, व्हिसा, करार, सगळं पिशवीत घालून मी म्हसळ्याला, सुचिताताईच्या सायबर कॅफेत. वीस तारखेला तिकडं हजर व्हायचं, न्हायतर कंपनी दुसरा माणूस घेणार. बसलो खुर्चीच्या टोकावर.

सुचिताताईनं आधी पासपोर्ट बघितला. ‘काका, मुदत सहा महिन्यांच्या वर पाहिजे... आहे. ईसीआर छापलेलं नाही, दहावी पास ना? मग सरकारी परवानगीची भानगड नाही.’ मी मनात म्हटलं, दहावीला तीनदा बसला ते कामी आलं. मग विचारते, ‘परतीची तारीख?’ म्हटलं, ‘दोन वर्षांनी, गणपतीच्या आधी चार दिवस.’ ती कॅलेंडर पुढं सरकवते, सरकवते... एक वर्ष होत आलं आणि पुढचे आकडे सगळे फिकट. दाबलं तरी दबंना. म्हणते, ‘काका, विमानाचं बुकिंग साधारण वर्षभराच्या आतलंच खुलं असतं. त्यापुढचं अजून विकायलाच आलं नाही.’

म्हणजे जायला जागा हाय आणि यायला तारीखच न्हाय? म्हटलं, ‘ताई, मग जी शेवटची असेल ती टाका.’ तर म्हणते, ‘त्या दिवशी तो आला नाही तर तिकीट फुकट. तारीख बदलायची तर दंड, वर भाड्यातला फरक.’ म्हटलं, ‘मग तुम्हाला दाबायचं ते दाबा.’ तिनं वन वे दाबलं, आणि मी तिकडं बघितलंच न्हाय, भिंतीवरचं झेरॉक्सचं दरपत्रक वाचत बसलो.

मग नाव. म्हटलं, ‘लिहा, शिगवण गणराज रघुनाथ.’ शाळेत असंच हाय, रेशनकार्डावर असंच हाय. ‘नाही काका, पासपोर्टावर आहे तसंच. गणराज रघुनाथ ह्या रकान्यात, शिगवण त्या. जुळलं नाही तर काउंटरवरून परत पाठवतील.’ खोटं कशाला बोलू, एक क्षण वाटलं, चुकू दे की मग.

मग सामान. तीस किलो विमानाच्या पोटात, सात किलो हातात, लोणच्याची बरणी पोटातल्या बॅगेत, हातात न्हाय. मग खिडकीची जागा, तिचे पैसे वेगळे. म्हटलं, खिडकी नको, ढग बघून त्याला रडू येईल. त्याला कसलं येतंय, आमचंच मेलं...

असो. कार्डाचा नंबर घातला, आणि आला ओटीपी. कुठं आला? घरी! खातं काढलं तवा माझ्याकडं मोबाइल न्हवता, नंबर आमच्या मनुबाईचा. तिला फोन लावला. ती रेंजसाठी विहिरीच्या कठड्यावर. म्हटलं, ‘आकडा सांग.’ तर म्हणते, ‘मेसेजात लिवलंय, ओटीपी कुणालाबी सांगू नका.’ म्हटलं, ‘अगं, मी कुणी हाय का? नवरा हाय!’ ‘त्यात नवऱ्याचं काय लिवलेलं न्हाय.’ मी हातापाया पडतोय, सुचिताताई म्हणते, ‘काका, तीन मिनिटं... काका, दोन...’ आणि ही मला विचारते, ‘पोराला धाडायची तुमाला एवढी घाई कशाला?’ वेळ संपली, पान गेलं, पुन्हा पयल्यापासून, आणि तेच तिकीट नऊशेनं महाग. माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

दुसऱ्यांदा ओटीपी आला. मनुबाईनं सहा आकडे सांगितले, एकेक करून, रडत रडत. सुचिताताईनं दाबलं. चक्र फिरलं, फिरलं... झालं. सहा अक्षरांचा पीएनआर आला, मेलवर तिकीट, तिकिटाचे दोन कागद छापून हातात. ‘विमान सुटायच्या तीन तास आधी पोचायचं, काका. मूळ पासपोर्ट विसरायचा नाही. आणि तुम्हाला आत सोडणार नाहीत, दारापर्यंतच.’

कागद पिशवीत घालताना तिनं करार बघितला नि हसली. ‘अहो, इथं लिहिलंय की. दोन वर्षं पुरी केली की परतीचं तिकीट कंपनी देणार. उगाच काळजी करताय.’ म्हटलं, ‘आणि मधेच त्याला घरी यावंसं वाटलं तर?’ म्हणते, ‘मग त्याचं त्यानं बघायचं.’

घरी आलो. मनुबाई दारातच. म्हणाली, ‘काढलंत तिकीट?’

म्हटलं, ‘काढलं. अर्धं. उरलेलं कंपनी काढणार हाय म्हणं.’