चौघींची भाषा

हसू नका, पण आम्हा चौघी शिक्षिकांच्या ग्रुपला ही भाषा मीच शिकवली. 👀☕ म्हणजे खबर हाय, मधल्या सुट्टीत चहाला या. पुढं 🧳 आली की कुणीतरी संसार सोडून गेलं. शेवटी 🤐 असेल, तर जिची गोष्ट तिला कळू द्यायची न्हाई.

आमच्या ग्रुपचं नाव ‘चौघी’. काल सुनीताचा फोन टेबलावर उजळला. ग्रुपचं नाव ‘तिघी’, खाली 👀☕🧳🤐.

“कुणाचं गं?”

तिनं फोन पालथा घातला. “काय न्हाई गं. तू डबा खा.”

आमचे हे सोमवारी बॅग घेऊन ट्रेनिंगला गेलेले. खरं काय ते सगळ्या पाथर्डीला ठाऊक होतं. मी मात्र रोज फोनवर विचारत होते, “जेवलात का?”