काल्पनिक माणसाचं विलापस्तोत्र

(दुबई. गुरुवारची संध्याकाळ. जेवणाच्या टेबलाशी राजाभाऊ आणि त्यांची अकरावीतली मुलगी ईशानी. ओट्याशी राजाभाऊंची बायको अनुपमा.)

अनुपमा: आज परत चिखल! अहो, एसीत बसणाऱ्या माणसाच्या बुटांना या वाळवंटात चिखल लागतो तरी कुठून? ब्रश झिजला माझा.

राजाभाऊ: साइट व्हिजिट होती. रास अल खोरला, खाडीकडे.

अनुपमा: तिथे कुठली तुमची... बरं. असेल.

ईशानी: आई, प्लीज! बाबा, लक्ष दे. सोमवारी साजिदा मिसना द्यायचंय. पर्सनल लॅमेंट, ओल्ड हिब्रू साम्सच्या, बायबलमधल्या जुन्या स्तोत्रांच्या स्टाइलमध्ये. म्हणजे देवापुढे मांडलेली तक्रार. मिस म्हणाल्या, आम्हा मुसलमानांत त्या स्तोत्रांना झबूर म्हणतात.

राजाभाऊ: आणि तक्रार कशाबद्दल?

ईशानी: चिठ्ठ्या टाकल्या होत्या. मला 'जॉब लॉस' आला.

राजाभाऊ: आणि बाकीच्यांना काय आलं?

ईशानी: माझ्या शेजारच्या बाकावरच्या केयाला मेलेलं मांजर आलं.

राजाभाऊ: मग बदलून घे ना! मांजरावर मी आत्ता दहा ओळी देतो.

ईशानी: केया नाही देत. बाबा, महाराष्ट्र मंडळाची नाटकं तूच लिहितोस ना? तू मराठीत सांग, मी इंग्लिश करते. इमॅजिनरी माणूस आहे. यल्ला, चल पटकन.

राजाभाऊ: इमॅजिनरी. ठीक आहे. घे लिहून. 'हे परमेश्वरा, सविनय सादर करण्यात येते की, बाजारातील सद्यःस्थिती लक्षात घेता...'

ईशानी: बाबा! हा मेमो आहे!

राजाभाऊ: सुरुवात नको का करायला?

ईशानी: नको. प्रस्तावनाच नसते. पहिल्या शब्दाला हाक. 'देवा! कुठे आहेस?' आणि मग 'किती दिवस?' ते लोक डायरेक्ट विचारायचे, झोपलास का म्हणून.

राजाभाऊ: देवाला? एवढं उद्धटपणे?

ईशानी: मिस म्हणाल्या, तीच तर गंमत. देवाच्या मागे कुरकुर करायची नाही, तोंडावर करायची. अजून बोलतोयस म्हणजे अजून विश्वास आहे.

राजाभाऊ: हं. 'देवा, कुठे बसलास लपून? माझे दिवस चालले खपून.'

ईशानी: यमक नको.

राजाभाऊ: यमक नको? मग कविता कशाने?

ईशानी: अर्थाने. दोन ओळींची जोडी असते. पहिली एक सांगते, दुसरी तेच वेगळ्या शब्दांत, पण जरा जास्त खोल. कधीकधी उलटं.

राजाभाऊ: कळलं. तुझ्या आईसारखं. एकदा सांगायचं, मग तेच वरच्या पट्टीत.

अनुपमा: ऐकू येतंय मला. कांदा चिरतेय, सुरी हातात आहे.

राजाभाऊ: थांब हं. 'माझं टेबल दुसऱ्याला दिलं, माझ्या खुर्चीत परका बसला.'

ईशानी: ओ माय गॉड, करेक्ट! आता शरीर. ते 'मला टेन्शन आलं' असं लिहीत नाहीत. हाडं, घसा, डोळे, जे काय दुखतं ते.

राजाभाऊ: 'सकाळी मी टाय बांधतो, आणि घास घशात अडतो. दिवसभर गाडीत बसतो, आणि माझी हाडं वाळूसारखी तापतात.'

ईशानी: गाडीत का बसतो?

राजाभाऊ: इमॅजिनरी आहे गं. कुठेतरी बसणारच ना बिचारा.

अनुपमा: खाडीवर जाऊन बसत असेल. फ्लेमिंगो बघत. तिथे चिखल असतो.

राजाभाऊ: ...असेल.

ईशानी: ओके. पुढे शत्रू. त्यांचं नाव कधी घेत नाहीत. बैल, कुत्रे, सिंह असंच म्हणतात.

राजाभाऊ: नाव का नाही?

ईशानी: मग कोणालाही म्हणता येतं ना. ज्याला जो बैल आठवेल तो.

अनुपमा: बैल कशाला? बैल कामाला तरी येतो. लिही, 'चहाला बोलावून गोड हसत निरोपाचं पाकीट हातात ठेवणारा तो कोल्हा.'

ईशानी: आई, खूपच डीटेल येतंय.

अनुपमा: इमॅजिनरी कोल्हा आहे. शिव्या चालतात का यात?

ईशानी: चालतात. शापाचा भाग असतोच. फक्त आपण हात उचलायचा नाही, तू बघून घे म्हणून देवाकडे सोपवायचं.

अनुपमा: सरक जरा, मला बसू दे. 'देवा, त्याचा एसी ऑगस्टमध्ये बंद पडो, त्याच्या गाडीला कधी सावली न मिळो.'

राजाभाऊ: वा! 'शारजाच्या ट्रॅफिकमध्ये तो अडको...'

अनुपमा: 'आणि त्याला एकीला लागो!'

ईशानी: मी हे मिसना कसं देऊ?

राजाभाऊ: दुसरी ओळ पहिलीपेक्षा खोल आहे की नाही, सांग!

अनुपमा: किती दिवसांनी हसलात हो.

ईशानी: ...आता मागणं. छोटं छोटं. 'ऐक. बघ. ऊठ.' आणि थोडं आर्ग्युमेंट. देवाला सांगायचं, मी संपलो तर तुझंच नुकसान, तुझं गाणं कोण गाणार?

राजाभाऊ: म्हणजे हा माणूस का ठेवावा याचं जस्टिफिकेशन. हे मला येतं. हे मी साहेबांना... म्हणजे लोकांना करून दिलंय. 'ऐक, देवा, कान इकडे कर. मी बुडालो तर गणपतीत तुझ्या नाटकाचा पडदा कोण ओढणार?'

ईशानी: मस्त. मग शेवटी वळण. एकदम. काही कारण नसताना. 'तरी मी तुझ्यावर भरवसा ठेवतो.' आणि सगळ्यांसमोर तुझी स्तुती करीन, असं वचन.

राजाभाऊ: 'तरी मी...' नाही, हे खोटं वाटतंय. आत्ता रडत होता ना तो? मध्ये काय झालं?

ईशानी: मीपण हेच विचारलं. मिस म्हणाल्या, नक्की कोणालाच माहीत नाही. काही स्कॉलर्सना वाटतं, देवळात पुजारी उभा असायचा. तो सगळी तक्रार ऐकायचा आणि म्हणायचा, घाबरू नकोस, ऐकलं. मग तो माणूस पुढची ओळ म्हणायचा.

राजाभाऊ: आणि पुजाऱ्याची ओळ?

ईशानी: ती लिहिलेली नसते. तिथे नुसती गॅप.

राजाभाऊ: मग इथे गॅपच ठेव. आपल्याकडे कुठला पुजारी?

ईशानी: बाबा.

राजाभाऊ: काय?

ईशानी: ऐकलं.

राजाभाऊ: काय ऐकलं?

ईशानी: सगळं. चिठ्ठ्या नव्हत्या. विषय मीच निवडला. गेल्या आठवड्यात तुझ्या ऑफिसला फोन केला होता. तिथल्या सुजाता आंटी मला 'बेटा' म्हणाल्या. त्या मला कधीच बेटा म्हणत नाहीत.

राजाभाऊ: अनू, तू सांगितलंस हिला?

अनुपमा: मी कशाला सांगू? मला सुजाताकडून कळलं होतं, पण मी तर तुमच्याशीसुद्धा बोलले नाही. रोज डबा भरत राहिले.

राजाभाऊ: छान असायचा डबा.

ईशानी: म्हण ना बाबा. तुझी ओळ आहे.

राजाभाऊ: ईशू... माझी नोकरी गेली.

अनुपमा: दुसरी ओळ मी सांगते. व्हिसा तुमच्या नोकरीवर आहे. आपल्याला परत जावं लागेल, तिघांनाही.