जावळाच्या दिवशीचे दोन करदोडे

मी बाई सुलतानपूरची लेक, जानेफळले देली, अन् तवापासून दुसऱ्याच्या वावरात निंदून-खुरपून राह्यलो. शाळा काही पाह्यली नाही. तुमी पुसलं म्हनून सांगतो, नाही तं घरातली गोठ कोन बाहेर सांगते बाप्पा.

माह्या मालकाची मोठी बहीन गंगाबाई, बुलढान्याले देलेली, तिचा नवरा कचेरीत चपराशी, पोटी लेकरू नाही. माह्या सासऱ्याच्या तेरवीले भावकीतली एक जन तिच्या तोंडावर म्हने का वांझेनं वाढलेलं आमी खात नाही, अन् काय सांगू तुमाले, आमच्या घरचं कोनी एक शब्द बोललं नाही. गंगाबाई जी उठून गेली ते कित्येक वर्सं आली नाही, भाऊबीजेलेही नाही.

मंग माह्या गोपालचं जावळ आलं, पोरगं तिसऱ्या वर्सात होतं. आमच्यात मामाच्या मांडीवर पोराले बसोतेत, न्हावी केस काढते अन् पडते केस आत्यानं पदरात झेलाचे. मी म्हटलं झेलीन तं गंगाबाईच, दुसरा पदर चालनार नाही. मालकाले बुलढान्याले धाडलं, पाय धरा पन आना म्हटलं. आली बाप्पा. आल्या आल्या चांदीचा करदोडा माह्या हातात ठेवला अन् म्हने आंघोळ झाली का माह्यासमोर बांधजो. पन तसाच चांदीचा करदोडा माह्या दादानं, म्हनजे पोराच्या मामानं, कालच आनून देलता.

आता काय करावं? सासू म्हने बाईचा पेटीत ठेव, आज मामाचा मान. पन बाई पोराची कंबर पाहीनच न, तिच्या मनात येईन वांझेचा म्हनून घातला नाही. दादाचा ठेवला तं दादा रुसीन, जावळाचे कपडे-करदोडा मामाचाच असते. सासू म्हने मंग दोन्ही बांध. दोन्ही बांधले का बाया तिथंच हातात धरून पाहतीन, कोनाचा जड अन् कोनाचा हलका, अन् हलका निंघीन त्याचं तोंड उतरीन. माही जाऊ म्हने गपचूप सोनाराकडं मोडून टाक. देनाऱ्याले न पुसता मोडावा कसा? अन् दुसऱ्याच्या लेकरालेही देता येत नाही, गावातच फिरीन अन् तिले दिसीन. मी ठरोलं, लपवाचं नाही, बाईलेच पुसाचं, एकटीले, बांधायच्या आंधी.

पन तसं झालं कुठं! केस झेलून झाले, मी पोराले न्हाऊ घातलं, अन् बाईले हाक मारतो मारतो तं पोट्टं ओलंच पयालं मांडवात. मामानं धरून करदोडा बांधला बी. मंग बाईनं माह्या हातातून आपला करदोडा घेतला अन् मायेनं पुढं केला, आन राजा, आत्याचा घाल, तं गोपाल मोठ्यानं म्हने नको, मले हाये.

तेरवीत बोलेल ते भावकीतली बी बसेल होती, गालात हासत होती. माहा हात पोराच्या गालाकडं गेला होता, पन मी आवरलं, पोराले मारलं असतं तं बाईचा अजून तमाशा झाला असता. मी बाईच्या हातातून करदोडा घेतला, तिचा हात धरला अन् चुलीकडं नेलं.

मी म्हटलं बाई, दादानं कालच आनला, त्याले तुमचं ठाऊक नव्हतं, तुमाले त्याचं नव्हतं. आज मामाचा मान म्हनून त्याचा घातला. तुमचा मी पेटीत पुरनार नाही, कोनाले देनार नाही. तुमी म्हनसान तं उद्या तुमच्याच हातानं बदला, नाही तं तुमच्याच पसंतीनं सोनाराकडून हातातलं कडं करून घेऊ. बाईनं हात पुढं केला, म्हने मोडू नको, दे माह्यापाशी. म्हटलं आता हे घर तुटलं. मी करदोडा देला.

तं म्हने माह्या घरी ठेवतो. माह्या घरी आला का मी घालीन. धाडशीन न त्याले?

हाव म्हटलं, धाडीन, अन् मले रडूच आलं. मंग दादालेही सारं सांगितलं, तो म्हने बरं केलं, दोघायचा बी मान राह्यला. त्या दिवशी पंगतीत मी बाईलेच वाढाले लावलं, अन् ते हासनारी मुकाट्यानं जेवली.

तवापासून पोरगं सुट्टीत बुलढान्याले जाऊन राह्यलं. एस.टी.तून उतरलं का बाई करदोडा हातात घेऊन उभी, पानी देयाच्या आंधी बांधे. आता गोपाल तिथंच मोठ्या शाळेत हाये, तिच्याचपाशी राह्यते. माहं घर सुनं लागते, मी रडतो बी कधी कधी, खोटं काऊन सांगू.

मांगं मी गेलो होतो तं शेजारनीनं बाईले पुसलं, पोरगं कोनाचं? बाई म्हने माहं. अन् मंग दचकून माह्याकडं पाह्यलं. मी म्हटलं हाव, तिचंच हाये. देव तिले लय आयुष्य देवो.