हॅनाने ताटावर धरलेला हात

नितीनच्या काकांचं नाव माझ्यासमोर काढू नकोस, डोकं अजून तापतं माझं. ऑफिसातली हॅना जर्मनीहून आली होती, तिला मी चारकोपला घरी जेवायला बोलावलं. वडे, कोंबडी, सोलकढी. बसायच्या आधी तिला हळूच समजावलं, "उजव्या हाताने जेवायचं. तो खरकटा होतो, म्हणून वाढून घ्यायचं डाव्याने. आणि नको असेल तर ताटावर हात आडवा धरायचा, कुणाला वाईट वाटत नाही."

काका दहिसरहून खास गोरी पाहुणी बघायला आलेले. मी माझं ताट घेतलं तर म्हणाले, "तू कुठे बसतेस?" मग हॅनाला इंग्रजीत ऐकवलं, "आमच्याकडे बायका मागून जेवतात. आमची संस्कृती."

कुठली संस्कृती रे? रोज कुकर नितीन लावतो आणि आम्ही दोघं एकत्र जेवतो. पण तेव्हा नवरोबा खाली मान घालून वडा मोडत बसले. पाहुणीसमोर तमाशा नको म्हणून मी दात आवळून ताट बाजूला ठेवलं आणि वाढायला लागले.

हॅनाने रिकाम्या ताटावर हात आडवा धरला.

"अगं, तू काहीच घेतलं नाहीस."

"तू बसेपर्यंत नको. मी तुझ्याबरोबर जेवायला आलेय."

मी बसले. काका भडकले, "मग वाढणार कोण?"

मी कोंबडीचं पातेलं त्यांच्यासमोर सरकवलं.

"तुमचा डावा हात मोकळाच आहे, काका."