तीन विरुद्ध एक

हॅलो?… हो, निसीमभाऊंचं औषधाचं दुकान, पनवेल. मी शेजारच्या घरातली चंद्रावती… ट्रंक कॉल? म्हापशाहून? द्या, द्या लवकर…

हॅलो… हो, आईच. ओरडू नकोस, ऐकू येतंय… मिळालं तुझं पत्र. परवा दुपारी. नानांनीच फोडलं… मोठ्याने वाचलं, हो, सगळ्यांसमोर. 'मी दोन पानांना मत दिलं.' अगं, मत गुप्त असतं ना? गप्प बसली असतीस तर कोण बघायला आलं होतं?

खरेपणा… ठेव तुझ्याकडे तुझा खरेपणा. ज्या माणसाने पंचावन्न सालच्या सत्याग्रहात गोव्याच्या हद्दीवर पाय मोडून घेतला, त्याच्या मुलीने महाराष्ट्रात यायच्या फुलावर शिक्का मारू नये? इथे दारात मी रोज फुलाची रांगोळी काढत होते. आता गल्लीतल्या बायका विचारतात, काय हो, तुमच्या रंभाचं कोणतं चित्र?…

नाही, तू ऐक. तुमच्या विधानसभेने ठराव केला होता की नाही? विलीनीकरणाचा? तुम्हीच निवडून दिलेली माणसं ना ती?… मग झालं होतं की. दारोदार पुन्हा विचारत फिरायचं काय नडलं होतं?… कुळांसाठी? कुळांच्या जमिनीसाठी मतं दिली होती, विलीनीकरणासाठी नव्हे?… बरं, काहींनी तसंही दिलं असेल. म्हणून काय प्रत्येक गोष्टीला वेगळी पेटी मांडायची? मग आमदार कशाला पोसायचे?

हो, हो, कळलं. निवडणूक पाच वर्षांनी फिरवता येते, आणि हे एकदा झालं की झालं… हे मान्य आहे मला. पण बाई, तुमच्यापुढे चित्रं किती होती? दोनच. फूल नाहीतर दोन पानं, म्हणजे महाराष्ट्रात या नाहीतर वेगळे राहा. 'थोडं थांबा', 'आमच्या अटी ऐका', याला चित्र होतं का? सभागृहात माणसं भांडतात, घासाघीस करतात, अर्धं देऊन अर्धं घेतात. तुमच्या पेटीशी कोण घासाघीस करणार?… आणि मुंबईतले गोवेकर? त्यांना मतच नव्हतं…

काय म्हणालीस? आमच्याकडे अडीचशेवर आमदार, त्यात तुमच्या एका जिल्ह्याचं कोण ऐकणार?… ते… हं. ते नानाही म्हणाले. नंतर.

अहो ऑपरेटर, आणखी तीन मिनिटं द्या, बाळंतीण होणारी मुलगी आहे… हॅलो? आहेस ना?

चौतीस हजारांनी जिंकलात, ठाऊक आहे. पेपर येतो इथे. आणि हरलेले एक लाख अडतीस हजार? ते कुठे जायचे? जावईबापूंचा सख्खा भाऊ बोलत नाही म्हणतेस. बघ, मतं मोजून झाली तरी घरं फुटलेलीच राहिली…

बाळंतपणाचं? तेच सांगतेय. गव्हाणची सुईण ठरवली होती, डिंकाचे लाडूही व्हायचे होते. पण पत्र आलं आणि बळीराम म्हणाला, तिच्या गोव्यात मतं घेतात ना, मग आपणही घेऊ. रंभाने यावं की नको. तांब्यात चिठ्ठ्या. घरात मतदार चार…

हो, घेतली. खरोखर घेतली… तीन विरुद्ध एक. नको.

रडतेस का?… रडू नकोस. बळीरामने नको लिहिलं, तुझ्या वहिनीने त्याच्याकडे बघून लिहिलं. आणि… मीही. रागात होते गं मी. मला वाटलं, नाना तर नकोच म्हणणार, मग मी एकटी वेगळी पडून काय करू?… उघडल्यावर एका चिठ्ठीवर 'यावी' होतं. त्यांचं अक्षर मला कळत नाही का? तेव्हापासून ते ओसरीवर बसून आहेत.

म्हणून म्हणते, ये. घर मी चालवते, मी ठरवते. चिठ्ठ्यांवर बाळंतपणं ठरतात का कुठे? नुसतं मत विचारलं होतं. रविवारच्या एसटीने निघ…

काय? का नाही?… अगं, मी सांगतेय ना… 'तिथलं मत खरं, आणि माझ्याविरुद्ध गेलेलं तेवढं खोटं कसं म्हणू'? हे कुणी शिकवलं तुला?… बरं, मग पुन्हा घेऊ मतं. आत्ता जाऊन घेते. माझं बदललंय, नानांचं आहेच, म्हणजे दोन-दोन. सुनेला मी समजावते…

नाही, हवं ते उत्तर येईपर्यंत नाही घेत राहणार. एकदाच… रंभा, ऐक ना. सातवा सरत आला तुझा. तिथे सासूबाईंना दिसत नाही, कोण बघणार तुला?… जावईबापू? पुरुषमाणूस काय करणार?

थांब, नानांना बोलावते. ओसरीवरून यायला वेळ लागेल त्यांना, पायामुळे. ठेवू नकोस. निसीमभाऊ, तेवढी हाक मारा हो त्यांना… रंभा, आले बघ, पायरीपर्यंत आले… हॅलो?

हॅलो?… अहो ऑपरेटर, लाइन कशी गेली?… नाही गेली? तिकडून ठेवला?

निसीमभाऊ, आता त्यांना कसं सांगू?