दहा नळांच्या चिंध्या

नाव सुमन पांडुरंग देवरे. वय पंचावन्न. धंदा नोकरी, मुलींच्या वसतिगृहावर वॉर्डन. राहणार त्याच वसतिगृहात तळमजल्याची खोली, पर्वत पाटियाजवळ, सुरत. मूळ गाव अमळनेर तालुक्यात.

पोलीस स्टेशनला बोलावल्यावरून मी स्वतः हजर होऊन सांगते ते असे. मला गुजराती बोलता येते, पण रागात बोलायचे असले की मराठीच येते, म्हणून जमादार बळीरामभाऊ, जे मूळचे नवापूरकडचे आहेत, ते माझे म्हणणे मराठीत लिहून घेत आहेत. गुजराती प्रत नंतर निघेल. मी जसे बोलते तसेच लिहा, असे मी त्यांना सांगितले आहे. ते म्हणाले, बाई, जबाबात असे लिहीत नाहीत. मी म्हटले, मग तुम्हीच द्या जबाब.

आमच्या ट्रस्टचे सेक्रेटरी धर्मेंद्र काशिनाथ बोरसे यांनी अर्ज दिला आहे की विद्यार्थिनी समितीची अध्यक्ष विशाखा धम्मरत्न शिरसाठ, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला, हिने दुसऱ्या मजल्यावरच्या वॉटर कूलरची तोटी मोडली आणि ट्रस्टची बदनामी करायला कापडाच्या चिंध्या चहात बुडवून नळाचे पाणी घाण असल्याचा बनाव केला. हे मला वाचून दाखवले. ऐकून मी हसले. मग इथेच बसलेल्या विशाखाचे तोंड पाहिले आणि हसू गेले. तिला नोकरीच्या फॉर्मसोबत पोलिसांचा दाखला लागणार आहे. तिचे नाव या वहीत एकदा चढले की तिच्या बापाने जन्मभर रंगाच्या मिलमध्ये वाफेत उभे राहून केलेले सगळे पाण्यात जाईल.

कूलरचे खरे असे आहे. त्याचा कॉम्प्रेसर होळीपासूनच बंद आहे. गॅस निघून गेला. तेव्हापासून तो नुसता स्टीलचा डबा, वरून पाणी येते, खालून तोटीने निघते, गार काही होत नाही. आमच्याकडे दोन टाक्या आहेत. एकीत महापालिकेचे पाणी, सकाळी खालच्या हौदात येते, मोटरने वर चढते, ते पिण्याचे. दुसरीत बोरिंगचे, ते संडास-बाथरूमचे. उन्हाळ्यात पालिकेचे पाणी पुरेना, तेव्हा प्लंबर आला आणि कूलरचा पाईप बोरिंगच्या टाकीला जोडून गेला. कोणी सांगितले म्हणून विचारले तर म्हणाला, सेक्रेटरीसाहेबांचा फोन होता. दोन दिवसांपुरते आहे, असेही म्हणाला. ते दोन दिवस अजून संपले नाहीत. आमचे बोरिंग खारे. त्या पाण्याने तोटीच्या मागचा लोखंडी तुकडा आतून खाऊन टाकला. वरून चकचकीत, आत पापडी.

इकडे बाकीच्या नळांचेही तेच. जाळ्यांत शेवाळ, तोंडाला तांबडे ओघळ, खालच्या मोरीत पाणी तुंबलेले. मुली नळाला रुमाल लावून पाणी भरत. पावसाळ्यात आमच्यातल्या एका मुलीला, दीप्तीला, कावीळ झाली. डोळे हळदीसारखे. तिचे वडील पंडितभाऊ तिला घेऊन नंदुरबारला गेले, ती अजून आलेली नाही. मी तोंडी किती वेळा सांगितले याचा हिशोब नाही. सेक्रेटरी म्हणत, सुमनबेन, लेखी आणा. मी हे मुलींच्या कानावर घातले. बस, तेवढेच मी केले.

मग समितीने पत्र दिले. दर मजल्याच्या दोन मुली, त्यांनी मेसमध्ये सभा घेतली, ठराव केला, आणि विशाखा व समितीतलीच हर्षदा दोघी पत्र घेऊन माझ्या खोलीत आल्या. दोन प्रती. एकीवर मी आवक नंबर टाकला, शिक्का मारला, सही करून पोच म्हणून परत दिली. विषय, "दुसऱ्या मजल्यावरील बंद वॉटर कूलर व अस्वच्छ नळांबाबत". आत आरडाओरड नाही. कूलर दुरुस्त करून पालिकेच्या टाकीला जोडावा, दोन्ही टाक्या धुऊन धुतल्याची तारीख टाकीवर रंगवावी, तोपर्यंत पिण्याला बाहेरून जार आणावेत, आणि नळ घासायला घासणी व ब्लीचिंग पावडर दिल्यास नळ आम्हीच घासू. शेवटी मजल्याप्रमाणे सह्या. "सोबत, नमुना कार्ड एक."

ते कार्ड मी उघडले आणि हातातला शिक्का बाजूला ठेवला. जमादार, हे नीट लिहा.

आमच्या निम्म्या मुलींचे बाप पांडेसऱ्याला रंगाच्या मिलमध्ये, तिथेच एकेका खोलीत दाटीने राहतात, म्हणून मुली इथे. मिलमध्ये कापड रंगवले की त्याचा छोटा तुकडा नागमोडी कापून कार्डावर चिकटवतात, शेड कार्ड म्हणतात. या मुलींनी काय केले, पांढऱ्या पॉपलिनच्या पट्ट्या प्रत्येक नळाच्या तोंडाला बांधल्या, सगळ्या सारखेच दिवस ठेवल्या, मग सोडून सावलीत वाळवल्या, तशाच नागमोडी कापल्या आणि ओळीने लावल्या. पहिला तुकडा कोरा, पाणी न लागलेला. मग दहा नळ. खाली प्रत्येकाचा मजला आणि जागा. कोऱ्यापासून सायीसारखा, मग मातकट, मग शेवाळी, विटकरी, आणि शेवटी कूलरचा, भाजलेल्या गुळासारखा. माय गं! काय देखणे दिसत होते ते! आणि हेच आमच्या पोरी पीत होत्या. मला एकाच वेळी वाहवा करावीशी वाटली आणि ओकावेसे वाटले. वीस वर्षे वॉर्डन आहे, मोर्चे पाहिले, ताटे वाजलेली पाहिली, असे पत्र पाहिले नाही. विशाखा उभी होती, हात मागे, शांत. मला त्या पोरीची भीती वाटली, चांगली भीती, देवळात वाटते तशी.

मी पत्र वर ट्रस्टकडे पाठवले, कार्ड हरवू नये म्हणून माझ्याकडेच ठेवले. सेक्रेटरी सोमवारी आले ते दारातूनच, "कोण आहे तुमची लीडर? बाप मिलमध्ये, पोरगी नेतागिरीत!" इथे सांगायला हवे की हे बोरसे स्वतः बावीस वर्षे पांडेसऱ्याला कलर मास्टर होते. मिलचा मालक त्यांना घरून बोलवायचा, कारण त्यांच्या डोळ्याला जे दिसायचे ते यंत्राला दिसत नव्हते. ही ऐकीव गोष्ट आहे, पण पुढे जे झाले ते माझ्या डोळ्यांदेखत झाले.

विशाखा म्हणाली, "काका, आधी कार्ड तर बघा."

त्यांनी ते हिसकावून घेतले. फाडणारच होते. आणि नजर पडली. बस. माणूस बोलता बोलता थांबला आणि कार्ड घेऊन आपोआप खिडकीपाशी गेला. ऊन नसलेल्या बाजूच्या. डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर. एकेक तुकडा कोऱ्याशेजारी धरून, तिरपा करून, बोटाने चोळून बघू लागले. आवाज पार बदलला. "हे पालिकेचं, बरं आहे. हा टाकीचा गाळ. हे शेवाळ, जाळीतलं. हा लोखंडाचा गंज, पाईप जुना." एकही चुकले नाही, खाली काय लिहिले आहे ते न वाचता! शेवटच्यावर आले. त्याला जिभेचे टोक लावले. "खारं. हे बोरिंग." आणि शर्टाच्या खिशातून पेन्सिल काढून मिलमध्ये शेड पास करतात तसे त्या तुकड्याच्या मागे लिहिले, बोरिंग, आणि खाली ध. बो.

हर्षदाच्या तोंडून निघाले, "काका, तो कूलरचा आहे."

मग त्यांना समजले आपण काय केले. पेन्सिल खिशात गेली, चष्मा खाली आला. "चहात बुडवलंय," म्हणाले आणि कार्ड टेबलावर टाकून निघून गेले.

आता तोटीचे. तोटी विशाखाने मोडली नाही. त्याच दिवशी संध्याकाळी, कोणी ते पाणी पिऊ नये म्हणून, मी तोटी घट्ट बंद करायला कूलरपाशी गेले, फिरवली, आणि तोटी माझ्या हातात आली. जोर काही लावला नव्हता. विशाखा तेव्हा वॉर्डात ड्यूटीवर होती, हॉस्पिटलच्या हजेरीत तिची सही आहे. ते कार्ड आणि ही तोटी मी सोबत आणली आहे, हजर करते. आतून बघा, बोट घाला, काय येते हाताला.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींचा फोन, "सुमनबेन, तुम्ही एवढंच सांगा की पोरींनी ओढाताण केली. तुमची खोली, तुमची नोकरी, सगळं ट्रस्टचंच आहे ना." मी म्हटले, "भाऊ, खोली ट्रस्टची आहे, जीभ माझी आहे." खोली गेली तर जाईल. मला भावाचे घर आहे, भावजय तोंडाची फटकळ आहे, पण आहे.

त्यांनी अर्ज दिला नसता तर हे कार्ड माझ्या कपाटात पडून राहिले असते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

इथपर्यंत लिहून झाल्यावर जमादार म्हणाले, बाई, ध. बो. कोणीही लिहील, ते नाही म्हणतील. मी म्हटले, तोंड नाही म्हणेल, डोळा म्हणणार नाही. सेक्रेटरी बाहेर बाकावर बसलेत. त्यांना काही विचारू नका. कार्ड नुसते हातात द्या.

यावरून अर्जदारांना आत बोलावले. विशाखाही समोर होती. जमादारांनी कार्ड पुढे केले. सेक्रेटरींनी मान फिरवली. भिंतीकडे बघत म्हणाले, "मला काही बघायचं नाही." मग त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिले, मग सरळ पाहिले, मग कार्ड घेऊन उठले आणि दारातल्या उजेडात गेले. शेवटचा तुकडा बराच वेळ धरून उभे राहिले. मी त्यांच्यावर चिडलेली बाई आहे, पण त्यांना तसे बघताना पाहून माझ्या अंगावर काटा आला. खोटे काही नव्हते त्या तोंडावर. जणू दुसराच माणूस.

"चहा असा बसत नाही," ते म्हणाले. "चहा सगळीकडे सारखा पसरतो. हे धाग्यात उतरलंय." मग विशाखाला, "सावलीत वाळवलंस?"

"हो काका. पप्पा म्हणाले, उन्हात शेड उडते."

"कोण पप्पा?"

"धम्मरत्न शिरसाठ. रंगखात्यात जिगर मशीनवर आहेत."

"जिगरवर," ते म्हणाले. "माझ्या खात्यात होता. हात चांगला होता त्याचा."

मग त्यांनी खिशातली पेन्सिल काढली, जमादारांनी नको म्हणायच्या आत तुकडा उलटा केला, आणि ध. बो. च्या खाली पूर्ण नाव लिहिले, धर्मेंद्र काशिनाथ बोरसे, आजची तारीख टाकली. कार्ड माझ्याकडे दिले नाही. विशाखाच्या हातात दिले. आणि अर्ज परत मागितला.

अर्ज परत देता येतो की नाही ते साहेब आल्यावर ठरेल, असे जमादार म्हणाले. तोटी व कार्ड इथे जमा केले आहे. विशाखा कार्ड द्यायला तयार नव्हती, मी सांगितल्यावर दिले. प्लंबरला सेक्रेटरींनी इथूनच फोन लावला, कूलर आजच पालिकेच्या टाकीला जोड म्हणाले, तो मी ऐकला.

हे सगळे मला एकेक ओळ करून वाचून दाखवले. माझ्या बोलण्यात भर घातलेली नाही की काही गाळलेले नाही, फक्त दोन शिव्या जमादारांनी काढल्या आहेत, त्या मला मान्य आहेत. बाकी माझ्या सांगण्याप्रमाणे खरे व बरोबर आहे, म्हणून खाली सही करते.

सही / सुमन पांडुरंग देवरे

समक्ष / हेड कॉन्स्टेबल बळीराम