बाईंची यादी

दातांच्या दवाखान्यात शिंपी गाल धरून बसला होता. शेजारी एक मावशी भाचीला फोन दाखवत होती.

“आमच्या गायनवृंदाच्या बाईंनी सकाळी मेसेज पाठवला. लिंक दाबा, यादीत सामील व्हा, तालमींची रेकॉर्डिंग्ज घरी ऐका. मी लगेच झाले.”

“मग बिघडलं कुठं?”

“परवा सगळे थांबले आणि मी एकटीच गात राहिले. त्याचंही रेकॉर्डिंग होतं त्यात. काढून टाकलं.”

“मावशी, यादी सामाईक असते. तू काढलंस की सगळ्यांच्याच यादीतून जातं.”

“अगं बाई. कायमचं?”

“मूळ फाइल बाईंकडे असेल. त्या परत टाकतील.”

“पण कुणी काढलं, ते कळतं का गं?”

“कुणी टाकलं ते दिसतं. कुणी काढलं ते नाही दिसत.”

“मग जीव भांड्यात पडला. चाळीस जणांत कोण शोधत बसतंय.”

“बघू इकडे. सामील झालेल्यांची नावं वर असतात.”

“आहेत का सगळ्यांची?”

“मावशी, अजून दोघीच आल्या आहेत. बाई आणि तू.”

तेवढ्यात मावशीचा फोन वाजला. आतून शिंप्याला हाक आली.

“आधी दुसऱ्या कुणाला घ्या,” तो गाल धरूनच म्हणाला.